फोटोतलं वॅगन व्हील: अडुसष्ट धावा नेमक्या आल्या कुठून?

सामना संपला की स्कोअरर पुठ्ठ्याच्या फाइलीतून एक कागद काढून दाखवतो. त्यावर एक गोल, गोलाच्या मधोमध खेळपट्टीचा छोटा आयत आणि आयताच्या एका टोकापासून चहूकडे गेलेल्या रेषा असतात. धावा मिळालेला प्रत्येक फटका कुठे गेला ते एकेक रेषा दाखवते, आणि या चित्रालाच वॅगन व्हील म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे स्कोअरर बिल फर्ग्युसन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा रेषा काढू लागले आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. आता टीव्हीवर प्रत्येक शतकानंतर हे चित्र दिसतं. पुण्यातल्या क्लबांच्या सामन्यांतही हौशी स्कोअरर ते हाताने काढतात, कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो घेतं आणि संध्याकाळपर्यंत तो घरच्या ग्रुपवर आलेला असतो.

माझ्या भाच्याच्या डावाचा असाच एक फोटो दाजींनी पाठवला. भाचा उजव्या हाताने खेळतो. डेक्कनच्या बाजूच्या एका मैदानावर झालेल्या एकदिवसीय सामन्यात त्याने ८१ चेंडूंत ६८ धावा केल्या होत्या, त्यात ७ चौकार आणि १ षटकार. फोटोत लाँग ऑनच्या दिशेला तीन ठसठशीत रेषा सीमारेषेपर्यंत गेलेल्या दिसत होत्या. ग्रुपवर लगेच कौतुक सुरू झालं, ‘वा, गोलंदाजाच्या डोक्यावरून सरळ फटके!’ प्रत्यक्षात त्या डावात लाँग ऑनला एकही चौकार गेला नव्हता. फोटो उलटा होता, एवढंच. या एका फोटोवरून वॅगन व्हील कसं वाचायचं ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे फलंदाज कुठल्या टोकाला उभा आहे ते शोधणं. ते कळल्याशिवाय एकाही रेषेला नाव देऊ नये. स्कोअररच्या टेबलाच्या पलीकडे उभं राहून फोटो घेतला की कागद उलटा येतो. दाजींनी तसाच घेतला होता आणि वर नीट दिसावं म्हणून फक्त गोल ठेवून बाकीचं कापून टाकलं होतं. त्यामुळे कागदावरचं नाव, तारीख, दिशा दाखवणारी अक्षरं सगळी गेली. तरी दोन खुणा उरल्या होत्या. एक म्हणजे रेषांच्या टोकांशी लिहिलेले आकडे. इंग्रजी चारचा आकडा उलटा झाला की लगेच ओळखू येतो. फोटो मोठा करून पाहिला तर सगळे चार डोक्यावर उभे होते.

दुसरी खूण आकडे पुसट असले तरी कामाला येते. रेषा गोलाच्या मध्यबिंदूतून निघत नाहीत, फलंदाजाच्या यष्ट्यांपासून निघतात. खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे साधारण २० मीटरची. ती मैदानाच्या मधोमध असेल तर फलंदाजाच्या यष्ट्या मध्यापासून १० मीटर एका बाजूला सरकलेल्या असतात. सीमारेषा मध्यापासून ६० मीटरवर धरली तर फलंदाजाच्या मागे ५० मीटर जागा उरते आणि समोर ७० मीटर. कागदावरचा गोल १२ सेंटीमीटरचा असेल तर हेच अंतर मागे ५ आणि पुढे ७ सेंटीमीटर. त्यामुळे सगळ्या रेषा जिथे एकत्र येतात त्या बिंदूपासून गोलाची कड ज्या बाजूला जवळ आहे, तिकडे यष्टिरक्षक. आमच्या फोटोत ही जवळची कड वरच्या बाजूला होती, आणि सगळे जण मात्र फलंदाज खाली उभा आहे असं धरून चालले होते. काही जण सोयीसाठी सगळ्या रेषा मध्यबिंदूतूनच काढतात. तिथे ही खूण चालणार नाही आणि आकड्यांवरच भिस्त ठेवावी लागेल.

आता ऑफ कुठली आणि लेग कुठली. फोटो असा फिरवा की फलंदाज खाली आणि गोलंदाज वर येईल. उजव्या हाताच्या फलंदाजाची ऑफ साइड तेव्हा तुमच्या उजव्या हाताला येते, डावखुऱ्याची डाव्या हाताला. टीव्हीवर आपण बहुतेक वेळा गोलंदाजाच्या मागून पाहतो. तिथे फलंदाज वर असतो आणि उजव्या फलंदाजाची ऑफ डावीकडे असते. डोळ्यांना त्याचीच सवय असल्यामुळे कागदावर घोटाळा होतो. कागद पूर्ण उलटा झाला तर पुढचं मागे जातं आणि ऑफचं लेगला जातं, म्हणजे प्रत्येक फटका नेमका समोरच्या कोनाड्यात जाऊन बसतो. थर्ड मॅनचा फटका लाँग ऑनला दिसतो, कव्हरचा स्क्वेअर लेगच्या मागे. फोटो फिरवला की दोन्ही गोष्टी एकदम जागेवर येतात. आमच्या फोटोतले लाँग ऑनचे तीन चौकार असे फिरून थर्ड मॅनला गेले. आरशासारख्या उलट्या फोटोचं तसं नाही. त्यात पुढचं पुढेच राहतं, फक्त ऑफ आणि लेगची अदलाबदल होते, आणि कितीही फिरवलं तरी ते सुटत नाही. असा फोटो ओळखायचा तो अक्षरांवरून. म्हणून गोलाबाहेरची अक्षरं कधीही कापू नयेत असं माझं मत आहे. फोटो थोडा लहान दिसला तरी चालेल.

फोटो तिरपा घेतल्याने होणारी चूक जास्त फसवी असते, कारण ती चूक वाटतच नाही. टेबलावरच्या कागदाचा फोटो खुर्चीत बसून घेतला की गोल चपटा होतो. समजा, गोलाची रुंदी फोटोत १० आणि उंची ८ आली, आणि खेळपट्टी उभी आहे. कागदावर ४५ अंशांवर असलेली रेषा मग साधारण ३९ अंशांवर दिसते, म्हणजे आडव्या दिशेला झुकते. टीव्हीवाले मैदानाचे आठ समान भाग करतात. गोलंदाजाकडून सुरुवात करून ऑफ साइडला पहिला भाग लाँग ऑफ, दुसरा कव्हर, मग पॉइंट आणि शेवटी थर्ड मॅन. लेगलाही तसेच चार, लाँग ऑन, मिडविकेट, स्क्वेअर लेग, फाइन लेग. लाँग ऑफ आणि कव्हर यांच्यातली हद्द याच ४५ अंशांवर येते. त्यामुळे चपट्या फोटोत लाँग ऑफचे काठावरचे फटके कव्हरमध्ये मोजले जातात. फोनमधल्या कागद स्कॅन करायच्या सोयीने हे बरंच सुधारता येतं, पण त्यासाठी कागदाचे चारही कोपरे फोटोत हवेत. मैदानच लंबगोल असेल आणि चित्रही तसंच काढलं असेल तर अर्थातच ते सरळ करायला जाऊ नये. कागदाच्या कडा एकमेकींना समांतर दिसताहेत का, त्यावरून ते समजतं.

टीव्हीच्या पडद्याचा फोटो असेल तर रंग दगा देतात. तिथे एकेरी, दुहेरी, चौकार, षटकार वेगवेगळ्या रंगांत असतात आणि पडद्याच्या फोटोत पिवळा पांढऱ्यात आणि नारिंगी लालमध्ये मिसळतो. कोनाड्यांत छापलेले आकडे धावांचे आहेत की टक्केवारीचे, हेही बघावं. बेरीज फलंदाजाच्या धावसंख्येएवढी आली तर धावा, शंभराच्या आसपास आली तर टक्के.

दिशा लागली की हिशेब जुळवायचा. हे काम लोक टाळतात, पण चित्रावर किती विश्वास ठेवायचा ते इथेच ठरतं. धावफलकावर ७ चौकार आणि १ षटकार आहेत, म्हणजे २८ अधिक ६, एकूण ३४ धावा. उरलेल्या ३४ धावा पळून काढलेल्या असल्या पाहिजेत. फोटोत मी एकेरीच्या २२ रेषा मोजल्या आणि दुहेरीच्या ६. बावीस अधिक बारा, चौतीस. हिशेब जुळला. म्हणजे एकही रेषा सुटली नाही आणि एखादी दुसरीखाली लपलेली नाही. हा दुसरा धोका खरा आहे, कारण मिडविकेटसारख्या गर्दीच्या जागी दोन एकेरी रेषा एकमेकींवर बसतात आणि एकच दिसते. बेरीज एक-दोनने कमी आली तर आधी तिथेच बघावं. बाय आणि लेगबायच्या धावा फलंदाजाच्या नसतात, त्यामुळे त्यांच्या रेषा या चित्रात नसतात आणि त्या बेरजेत धरायच्याही नसतात.

आता मुख्य प्रश्न, धावा कुठून आल्या? नुसत्या नजरेने पाहिलं तर भाच्याचं चित्र लेगला दाट दिसतं. मोजून बघू. लेगला १४ एकेरी, ४ दुहेरी, १ चौकार आणि तो एकमेव षटकार, म्हणजे २० फटके आणि ३२ धावा. ऑफला ८ एकेरी, २ दुहेरी आणि ६ चौकार, म्हणजे १६ फटके आणि ३६ धावा. फटके लेगला जास्त आणि धावा ऑफला जास्त. डोळा रेषांची गर्दी मोजतो आणि चौकाराची रेषाही एकेरीएवढीच बारीक असते, फार तर जरा लांब.

मोठ्या डावात हे आणखी ठळक होतं. गहुंज्याच्या मैदानावर ऑक्टोबर २०१९ मध्ये विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ केल्या होत्या. त्यात ३३ चौकार आणि २ षटकार होते. म्हणजे अवघ्या ३५ रेषांत १४४ धावा आणि बाकीच्या सगळ्या रेषा मिळून ११०. ज्या कोनाड्यात फक्त एकेरीची दाटी आहे, तो भाग चित्रात भरगच्च दिसतो, पण धावांच्या हिशेबात त्याचं वजन कमी असतं.

मग भाच्याने धावा ऑफला जास्त केल्या, असं म्हणून थांबायचं का? मी आधी त्या ३६ धावांचे तुकडे केले. थर्ड मॅनच्या कोनाड्यात ३ चौकार आणि ३ एकेरी, म्हणजे १५. उरलेल्या २१ धावा कव्हर आणि पॉइंटच्या बाजूला, त्यात कव्हरचे २ चौकार आणि पॉइंटचा १. ऑफच्या धावांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त यष्ट्यांच्या मागून आल्या होत्या. थर्ड मॅनकडे गेलेली रेषा दोन अगदी वेगळ्या गोष्टींची असू शकते. एक म्हणजे जाणूनबुजून मारलेला लेट कट आणि दुसरी म्हणजे ड्राइव्ह करायला जाऊन बॅटची कड लागून स्लिपमधून निसटलेला चेंडू. कागदावर दोन्ही रेषा सारख्याच दिसतात.

मी भाच्याला फोन लावला.

‘थर्ड मॅनचे चौकार कुठल्या बोलिंगवर रे?’

‘मामा, पहिले दोन ओपनिंग बोलरला गेले. कडच लागली होती. एक तर दोन स्लिपच्या मधून गेला, वाचलो.’

‘आणि तिसरा?’

‘तो कट. ऑफ स्पिनर होता, कीपरच्या बाजूने ढकलला. तिकडे कुणीच नव्हतं.’

कडेच्या दोन चौकारांच्या ८ धावा बाजूला काढल्या तर ऑफला मारून मिळवलेल्या धावा २८ राहतात आणि लेगच्या ३२. पारडं फिरलं. अर्थात त्या ८ धावा धावफलकावर खऱ्याच आहेत, त्या कुणी काढून घेणार नाही. पण पुढच्या सामन्यात तो कुठे धावा करू शकेल असा प्रश्न असेल तर त्या आठांना लेट कटच्या चारांच्या पंगतीला बसवता येणार नाही. उलट नव्या चेंडूवर तो ऑफ स्टंपबाहेर बॅट घालतो हे त्या दोन रेषा सांगतात, आणि प्रतिस्पर्धी कर्णधाराने हा कागद पाहिला तर तो तिसरी स्लिप लावेल.

रिकाम्या जागेचा अर्थ लावताना तर फारच जपून राहावं. चित्रात ३६ फटक्यांच्या रेषा आहेत आणि तो ८१ चेंडू खेळला. उरलेल्या ४५ चेंडूंची कागदावर खूणही नाही, कारण त्यांवर धाव निघाली नाही. ते सोडून दिलेले असतील, अडवलेले असतील किंवा जोरात मारून थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेलेले असतील. भाच्याच्या कव्हरला रेषा विरळ आहेत. तो म्हणाला, तिकडे कव्हर आणि एक्स्ट्रा कव्हर असे दोघे उभे होते आणि चांगले बसलेले तीन-चार ड्राइव्ह त्यांनी अडवले. म्हणजे त्याला कव्हरला खेळता येत नाही असं नाही. लेगच्या १४ एकेरींचंही तसंच. षटकार गेल्यावर कर्णधाराने डीप मिडविकेटला माणूस सीमारेषेवर नेला, मध्ये जागा मोकळी झाली आणि तिथे ढकलून एकेक धाव मिळत राहिली. त्या एकेरी रेषांमध्ये फलंदाजाइतकाच समोरच्या कर्णधाराचाही हात आहे.

कधी कधी रिकामी जागा ठरवून ठेवलेली असते. जानेवारी २००४ मध्ये सिडनीला सचिन तेंडुलकरने नाबाद २४१ धावा केल्या. त्या मालिकेत ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर ड्राइव्ह करताना तो बाद होत होता. मग या डावात त्याने कव्हर ड्राइव्ह बाजूलाच ठेवला, चेंडू लेगकडे वळवत राहिला आणि ४३६ चेंडू खेळून काढले. कव्हर ड्राइव्ह ही त्या माणसाची ओळख. नुसतं ते एक चित्र कुणा नवख्याला दाखवलं तर तो म्हणेल, या फलंदाजाला कव्हरला मारता येत नसावं.

आणखी एक गोष्ट हे चित्र दाखवू शकत नाही, ती म्हणजे मैदानाची आखूड बाजू. पुण्यातल्या कितीतरी मैदानांना एका अंगाला रस्ता किंवा इमारत असते आणि तिकडची सीमारेषा जवळ असते. पण वॅगन व्हीलमध्ये फलंदाज नेहमी एकाच टोकाला दाखवलेला असतो. खऱ्या सामन्यात दर षटकाला टोक बदलतं, म्हणून स्कोअररला एक षटक सोडून दुसऱ्या षटकात अख्खं मैदान मनातल्या मनात अर्धं फिरवून रेषा काढावी लागते. त्यामुळे रस्त्याकडची बाजू कधी ऑफमध्ये पडते, कधी लेगमध्ये. कागदावरून रस्ता कुठे होता ते शोधता येत नाही.

हे मनातलं फिरवणं स्कोअररच्या हातून कधीकधी राहून जातं, आणि हाताने काढलेल्या चित्रातली सगळ्यात नेहमीची चूक तीच आहे. त्यात स्कोअररचा काही ढिसाळपणा नसतो. एकाच वेळी चेंडू, धावा, पंचांच्या खुणा आणि पुस्तक सांभाळताना एखादं षटक तसंच जातं. न फिरवलेली रेषा नेमकी समोरच्या कोनाड्यात पडते, म्हणजे लाँग ऑफचा फटका फाइन लेगला. भाच्याच्या चित्रात फाइन लेगला दोन एकेरी होत्या. स्कोअरबुकात पाहिलं तर त्यातली एक लेगस्पिनरच्या षटकात होती. लेगस्पिनरला फाइन लेगला एकेरी मिळू शकते, स्वीप नीट लागला नाही तर मिळतेच, पण भाचा म्हणाला की त्या षटकात त्याने पुढे येऊन लाँग ऑफकडे एक धाव घेतली होती. ती एक धाव लेगमधून काढून ऑफमध्ये टाकली की कडेच्या धावा वगळून हिशेब २९ आणि ३१ असा होतो. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. फोटो आला तेव्हा गोलंदाजाच्या डोक्यावरून मारणारा फलंदाज दिसत होता. कागद सरळ केल्यावर आणि धावा मोजल्यावर दोन्ही बाजूंना बेताने खेळणारा, सुरुवातीला दोनदा वाचलेला आणि डीप मिडविकेट मागे गेल्यावर शहाणपणाने एकेक धाव घेणारा फलंदाज दिसला.

यातली निम्मी माहिती गोलात नव्हती, ती स्कोअरबुकाच्या पानावरून आणि भाच्याच्या बोलण्यातून मिळाली. कुठल्या षटकात, कुठल्या गोलंदाजाला, किती चेंडूंनंतर, हे सगळं पुस्तकात चेंडूगणिक असतं. म्हणून दाजींना मी आता सांगून ठेवलं आहे की फोटो घेताना स्कोअररच्या बाजूने, कागदाच्या बरोबर वरून घ्यायचा, चारही कोपरे त्यात येऊ द्यायचे आणि त्याच डावाचं स्कोअरबुकातलं पानही सोबत पाठवायचं.